येलेना सेर्गेयेव्ना यांना शुभेच्छा लिहिताना

"पुढच्या महिन्यात नोकरीसाठी मॉस्कोला जाणार आहे. त्याआधी तिथल्या एका वरिष्ठ सहकारी बाईंचा वाढदिवस येतो. पुण्याहून मेसेज पाठवायचा आहे. यादीत नाव 'स्मिर्नोवा येलेना सेर्गेयेव्ना' असे आहे. संबोधन काय लिहू?"

व्हिसा आणि नोंदणीची माहिती तुम्हाला इतरत्र मिळेलच, म्हणून मी फक्त नावाविषयी लिहितो. मॉस्कोत बरीच वर्षे राहूनही हा विषय निघाला की मन शांत राहत नाही.

यादीत आडनाव आधी येते, त्यामुळे स्मिर्नोवा हे आडनाव, येलेना हे त्यांचे नाव आणि सेर्गेयेव्ना म्हणजे सेर्गेई यांची कन्या. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव सहसा पतीचे होते, म्हणून नवीन आलेला मराठी माणूस सेर्गेई हे त्यांचे यजमान असावेत असे धरून चालतो. रशियात मधले नाव वडिलांचेच असते आणि लग्नाने ते बदलत नाही. आदराने बोलायचे तर नाव आणि पितृनाम ही जोडीच घ्यायची, आडनाव सोडून द्यायचे. 'श्रीमती स्मिर्नोवा' या धर्तीचे संबोधन रोजच्या सहकाऱ्याला परके आणि थंड वाटते. पितृनाम स्वतः तयार करण्याच्या फंदात पडू नका, कारण रूपे नेहमी सरळ नसतात: इल्या यांचा मुलगा इल्यिच, मुलगी मात्र इल्यीनिच्ना. यादीत किंवा ईमेलखालच्या सहीत जसे असेल तसेच उतरवून घ्या.

तुमचा मेसेज रशियन अक्षरांत लिहायचा, त्याचा उच्चार असा होईल: 'उवाझायेमाया येलेना सेर्गेयेव्ना! पज़्द्राव्ल्यायू वास स द्न्योम रझ्देनिया! झेलायू वाम ज़दारोव्या इ उस्पेखोव!' म्हणजे आदरणीय अमुक, वाढदिवसानिमित्त आपले अभिनंदन, आपणास आरोग्य व यश लाभो. पहिला शब्द स्त्रीलिंगी आहे. पुरुष सहकाऱ्यासाठी तो 'उवाझायेमी' होतो, आणि जुना मेसेज उतरवून घेताना हाच शब्द बदलायचा राहून जातो. 'वास' आणि 'वाम' ही 'आपण' या अर्थाच्या सर्वनामाची रूपे आहेत. एकाच व्यक्तीला आदराने लिहिताना त्यांचे पहिले अक्षर मोठे काढतात. वयाचा उल्लेख टाळा.

वेळेकडेही नीट लक्ष द्या. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणे तिथे अशुभ मानतात आणि बरेच लोक ते मनापासून पाळतात. आपल्याला रात्री बाराच्या ठोक्याला मेसेज पाठवण्याची सवय असते, पण मॉस्कोचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते, म्हणजे पुण्यात बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे साडेनऊच झालेले असतात. दुपारी पाठवा, तोवर त्या कामावर आलेल्या असतील.

आता माझ्या मनातले. रशियन नागरी संहितेच्या 19व्या कलमात पितृनामाचा उल्लेख आहे, पण कायदा किंवा राष्ट्रीय प्रथा वेगळी असेल तर ते नसले तरी चालते, अशी सवलतही तिथेच आहे. माझ्या मुलीच्या पासपोर्टात तिच्या नावाला लागूनच माझे नाव छापलेले आहे. शाळेतल्या कारकुनाने आधी ते पितृनामाच्या रकान्यात घातले. त्यामुळे दाखला पासपोर्टच्या नोटरी केलेल्या भाषांतराशी जुळेना, आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठी मी पुन्हा पुन्हा खेटे घातले. शेवटी दोन्ही नावे एकाच रकान्यात गेली आणि पितृनामाच्या जागी आडवी रेघ आली. नियमाने ते बरोबरच होते. पण जी मुलगी आपल्या प्रत्येक शिक्षिकेला नाव आणि पितृनामाने हाक मारते, तिने एक दिवस विचारले, "बाबा, तुमच्या जागी रेघ का?" त्या कार्यालयावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

एकटेपणाची भीती बाळगू नका, काम असते, दिवस जातात. मात्र माझ्या वडिलांचे नाव जोडून मला कोणी हाक मारत नाही, हे मला इतरांच्या वाढदिवसांनाच जाणवते. म्हणून मी सहकाऱ्यांची पितृनामे कधी गाळत नाही, आणि तुम्हीही गाळू नयेत असे मला फार वाटते.

तरुण मंडळींच्या कचेऱ्यांत, विशेषतः संगणक क्षेत्रात, पितृनाम मागे पडले आहे. तिथे 'येलेना' आणि सोबत 'आपण' एवढे पुरते. बाईंच्या सहीत पितृनाम नसेल आणि इतरही त्यांना तसेच लिहीत असतील, तर तुम्हीही तसेच लिहा. काहीच कळत नसेल तर जोडी वापरा. जास्त आदर वाटला तर त्या उत्तरात 'नुसते येलेना म्हणा' असे लिहितील. पुढच्या मेसेजपासून तसे म्हणा, पण 'आपण' तसेच ठेवा, कारण 'तू' वर येण्याचा प्रस्ताव वेगळा असतो आणि तो त्यांच्याकडून यायला हवा. 'लेना' हे घरगुती नाव त्यांची मैत्रीण वापरताना ऐकलेत, तरी तेवढ्यावरून तुम्ही ते उचलू नका.