कौतुक ठेवा, हिशेब वगळा

प्रश्न: लेक सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झाली. पदवीदानाच्या दिवशी ही पोस्ट टाकणार होते: "आमच्या कष्टांचं चीज केलंस! दोन भावंडांत पहिल्या प्रयत्नात पदवी घेणारी तूच. आता सीए होऊन घराण्याचं नाव काढशील, खात्री आहे!" तिने वाचलं आणि म्हणाली, "आई, नको टाकूस." तीन वर्षं सकाळी कॉलेज करून दुपारी घरी शिकवण्या घेतल्या तिने. माझं काय चुकलं?

उत्तर:

ताई, "कष्टांचं चीज केलंस" हे आपण सगळेच बोलतो, पण त्यात कष्ट कुणाचे? तुमचे. तिचं यश म्हणजे तुमच्या कष्टांची परतफेड झाली, आणि परतफेड करणाऱ्याला पुढच्या हप्त्याची धास्ती असते. "पांग फेडले" याचीही तीच गत. माझ्या मुलाच्या वेळी मी हेच लिहिलं होतं. महिनाभराने तो म्हणाला, "बाबा, आता मला नापास व्हायची सोय राहिली नाही." ते वाक्य अजून मनातून जात नाही.

दुसरं वाक्य थेट तिच्या भावाला लागतं. तोही ते वाचणार, मामा-काका त्याखाली लिहिणार, आणि कौतुक झालं म्हणून तिलाच घरात अपराधी वाटणार. ते पूर्ण काढा. मृदू करू नका, कारण "पहिल्याच प्रयत्नात" एवढे दोन शब्द उरले तरी तुलना उरते.

तिसऱ्यात "आता" आणि "काढशील" खटकतात. भविष्यकाळाचं क्रियापद दिसलं की थांबा. पण त्या जागी "काहीही केलंस तरी चालेल" असंही लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं, घरात काहीतरी वाद चालू असावा.

मग उरतं काय? तुम्ही स्वतः पाहिलेलं, आणि ते तुमच्या प्रश्नातच आहे. शिकवण्यांमधला नेमका प्रसंग तुम्ही आठवा, मी नमुन्यादाखल लिहितो:

"आज तू पदवीधर झालीस. दुपारी पोरांना भागाकार शिकवायचीस, तो आवाज स्वयंपाकघरात यायचा. एकच गणित तिसऱ्यांदा समजावतानाही तू चिडत नव्हतीस. मला तुझा फार अभिमान वाटतो. संध्याकाळी सगळे मिळून सेव-उसळ खायला जाऊ."

"फार अभिमान" बिनधास्त ठेवा. तो कशाचा, ते आधीच्या वाक्यात आलंय, म्हणून त्याचं ओझं होत नाही. शेवट त्याच संध्याकाळी होतो, पाच वर्षांनंतर नाही.

टाकण्याआधी तिला वाचून दाखवा. ज्या शब्दावर ती गप्प होईल, तो बदला. फोटो तिचा लावा, गुणपत्रिकेचा नको. टक्के दिसले की तुलना परत आली, शिवाय बैठक क्रमांकही चारचौघांत जातो. आणि खाली कुणी "पुढे काय?" विचारलं, तर सीएचं नाव न काढता तुम्हीच लिहा: "आज फक्त सेव-उसळ!"