रात्री साडेदहाच्या फेऱ्या

"ताई, माझं वय ६३. शुगर काठावर आहे म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मुलीने वाढदिवसाला घड्याळ दिलं, त्यात रोजची दहा हजार पावलं लावलीत. पूर्ण करतेच मी, रात्री साडेदहाला हॉल ते किचन फेऱ्या मारून का होईना. पण आता उजवा गुडघा दुखतो. दहा हजार खरंच लागतात का? कमी झाली तर केलेलं सगळं वाया जातं का?"

कोथरूडच्या या काकू आमच्या दवाखान्यात आल्या तेव्हा मी त्यांना आधी आमच्या डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला पाठवलं. मी समुपदेशक आहे. दुखणं कशाचं आहे हे कळल्याशिवाय पावलांबद्दल काही सांगणं मला बरोबर वाटत नाही. गुडघ्यात वयाप्रमाणे थोडी झीज होती, काळजीचं काही नव्हतं आणि चालायला परवानगी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, काकूंना विचारून.)

वाया जाण्याची भीती मोठी होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केली. दहा हजार हा आकडा कुठल्या वैद्यकीय तपासणीतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली होती. १९६५ मध्ये तिथल्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. गोल आणि लक्षात राहणारा तो आकडा पुढे जगभर पसरला आणि आज घड्याळांत आधीपासून भरलेला येतो. काकू म्हणाल्या, "म्हणजे हे डॉक्टरांनी ठरवलेलंच नाही?" नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही पावलांचा आकडा नाही. तिथे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगितला आहे, शिवाय स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम वेगळा.

मग संशोधन काय सांगतं? काकूंना सगळ्यात जवळचा वाटला तो २०१९ मधला अमेरिकेतला अभ्यास, कारण त्यात सुमारे १६,७०० स्त्रिया होत्या आणि त्यांचं सरासरी वय ७२ होतं. सगळ्यात कमी चालणाऱ्या गटाची रोजची पावलं होती सुमारे २,७००. त्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्या गटात पुढच्या चारेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साधारण ७,५०० पर्यंत फायदा वाढत गेला आणि नंतर जवळपास सपाट झाला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा साठीपुढच्या लोकांत ही सपाटी ६,००० ते ८,००० ला आली आणि साठीच्या आतल्यांत ८,००० ते १०,००० ला. २०२५ मधल्या आणखी मोठ्या आढाव्यात २,००० च्या तुलनेत ७,००० पावलांना मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी होता. त्यापुढे १०,००० पर्यंत भर पडते, पण थोडी.

मी काकूंना कागदावर रेघ काढून दाखवली. सुरुवातीला पर्वतीच्या पायऱ्यांसारखी चढलेली, मग हळूहळू आडवी होत गेलेली. त्यांची घड्याळ येण्याआधीची पावलं फोनमध्ये होती, रोज सुमारे ३,२००. तिथून ५,००० पर्यंत येणं हाच त्यांच्यासाठी रेघेचा सगळ्यात चढा भाग. रात्री साडेदहाच्या फेऱ्या मात्र आडव्या भागात पडत होत्या, आणि त्यांची किंमत गुडघा मोजत होता.

एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली नाही. हे सगळे अभ्यास लोकांच्या चालण्याकडे नुसतं पाहून केलेले आहेत. जो आधीच आजारी असतो तो कमी चालतो, त्यामुळे आकड्यातला सगळा फरक चालण्यामुळेच असं म्हणता येत नाही. संशोधक आजारपणाचा हिशेब वजा करायचा प्रयत्न करतात, तो पूर्ण होतोच असं नाही. ७,००० ला काही रेघ मारलेली नाही, ६,५०० ला पण छान चाललं आहे.

मग दोन आठवड्यांची वही ठेवायला सांगितली. वार, पावलं, रात्री गुडघा दहापैकी किती दुखला, सकाळी उठताना किती वेळ आखडला. वहीतली एक गोष्ट मला लगेच टोचली. गुरुवारी पाहुणे आले म्हणून ६,३४० झाली होती, तर शुक्रवारी १३,७०० ची 'भरपाई'. शनिवारी गुडघा सुजलेला आणि जिना उतरताना कठडा धरावा लागलेला. रविवारी सोसायटीच्या मैत्रिणींबरोबर वेताळ टेकडी. चढताना त्रास नाही, उतरताना कळ. उताराला गुडघ्याच्या वाटीवर भार जास्त येतो, म्हणून टेकडी तूर्त थांबवली. भरपाई तर कायमची बंद, कारण या अभ्यासांतली पावलं म्हणजे बऱ्याच दिवसांची सरासरी असते. एका गुरुवारने काही बिघडत नाही.

घड्याळही तपासलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात काकू मोजून २०० पावलं चालल्या, हात मोकळे असताना घड्याळाने १९६ दाखवली. भाजीची पिशवी घड्याळाच्या हातात धरून चालल्या, तेव्हा २०० पैकी १३१. आणि घरी बारा पोळ्या लाटल्या तेव्हा ओट्याशी उभ्या उभ्या १४० पावलं जमा. हे ऐकल्यावर त्या आकड्याकडे बघण्याची त्यांची नजर जरा सैल झाली, आणि मला तेच हवं होतं.

वेळापत्रक असं ठरलं. पहिले दोन आठवडे फक्त ५,०००, गुडघा शांत व्हायला. मग दर आठवड्याला ५०० वाढवायची, म्हणजे सहाव्या आठवड्यात ७,०००. घरकामात साधारण ३,००० होतातच. उरलेली ४,००० म्हणजे मिनिटाला शंभर या बऱ्या चालीने चाळीस मिनिटं. ती तीन तुकड्यांत: नाश्त्यानंतर पंधरा, दुपारच्या जेवणानंतर दहा, रात्रीच्या जेवणानंतर पंधरा. जेवणानंतर चाललं की वर जाणारी साखर थोडी आटोक्यात राहते, त्यामुळे काकूंना हेच सोयीचं. नियम एकच: चालल्यानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही कायम असेल किंवा सूज दिसली, तर त्या आठवड्यात वाढवायचं नाही, मागच्या आकड्यावर परत यायचं. आणि चालताना छातीत दाब आला, नेहमीपेक्षा जास्त दम लागला किंवा पोटरीत कळ येऊन थांबावं लागलं, तर वही बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे.

चौथ्या आठवड्यात भाचीचं लग्न आलं आणि गुडघा परत दुखला. काकू स्वतःहूनच ५,५०० वर आल्या, मला फोनही केला नाही. ७,००० ला पोचायला सहाच्या जागी आठ आठवडे लागले. वहीत रात्रीचं दुखणं चारवरून एकवर आलं होतं. मुलीने घड्याळातलं लक्ष्य बदलून दिलं आणि साडेदहाला काकू झोपलेल्या असतात. आता आम्ही खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम सुरू केलाय, आठवड्यातून तीन दिवस. मांडीचे स्नायू त्या गुडघ्याला लागणार आहेत, आणि घड्याळ ते मोजत नाही.