मॅपच्या स्क्रीनशॉटमधला लाल पट्टा म्हणजे जास्तीचा उशीर?

प्रश्न: ह्यांनी दादर ते अंधेरी गूगल मॅपचा स्क्रीनशॉट पाठवलाय. खाली ५५ मिनिटं, पोहोचायची वेळ ७:०५, पण कलानगरजवळ रस्ता लाल दिसतोय. ७:०५ च्या पुढे आणखी उशीर धरायचा का?

उत्तर: नाही, तो लाल पट्टा ७:०५ मध्ये आधीच धरलेला आहे. निवडलेला रस्ता मोकळा असेल तिथे निळा दिसतो, गाड्या संथ असतील तिथे नारिंगी आणि खोळंबल्या असतील तिथे लाल. लाल जितका गडद, तितका वेग कमी. या तुकड्यांचा वेग मोजूनच अ‍ॅप वेळ काढतं. निळा बाण म्हणजे गाडी. बाण अजून लालच्या अलीकडे असेल तर तो खोळंबा पुढे आहे, मागे पडला असेल तर तो रंग विसरा. फिकट रेषा पर्यायी रस्त्यांच्या, त्यांचा या वेळेशी संबंध नाही. मात्र स्क्रीनशॉट गोठलेला असतो. फोनच्या वरच्या कोपऱ्यात ६:१० असेल, तर अंदाज ६:१० चा. संध्याकाळी हायवेवर अर्ध्या तासात चित्र पालटतं, त्यामुळे साडेसहानंतर नवीन स्क्रीनशॉट मागवा, किंवा सरळ लाइव्ह लोकेशन.