रात्रभर ‘वॉर्म’वर राहिलेला भात

प्रश्न : रात्री नऊला राईस कुकरमध्ये भात लावते आणि सकाळी सातला खाते. मधला सगळा वेळ कुकर ‘वॉर्म’वर असतो. भात सतत गरमच असतो, वासही येत नाही. मग तो खायला सुरक्षित आहे ना?

उत्तर : भाताचा सगळ्यात थंड भाग रात्रभर ६० अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल, तर हो, सुरक्षित आहे. पण तो तसा राहतोय की नाही, हे ‘वॉर्म’च्या दिव्यावरून कळत नाही. दिवा लागलाय म्हणजे खालची तार थोडीथोडी तापतेय, एवढंच. वास आला नाही यावर तर मुळीच विसंबू नका. कारण भातात जे सगळ्यात जास्त त्रास देतं, त्याला वासच नसतो.

मी बरीच वर्षं मोठ्या स्वयंपाकघरांत अन्नाचं तापमान तपासायचं काम करते. तिथे भात आम्ही फार गांभीर्याने घेतो. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे टणक कवचात झोपलेला जिवाणू. भात शिजताना तापमान शंभरच्या आसपास जातं, त्यात इतर बहुतेक जिवाणू मरतात. हे बीजाणू मात्र तग धरतात, उलट त्या उष्णतेने त्यांना जाग येते. भात निवत ५० अंशांच्या आसपास आला की ते वाढायला लागतात, आणि ३० ते ४०च्या दरम्यान त्यांची वाढ फार झपाट्याने होते. वाढताना त्यांतले काही प्रकार भातात एक विष सोडतात. ते खाल्लं की अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ आणि उलट्या सुरू होतात.

हे विष उकळून जात नाही. सकाळी भात पुन्हा वाफ येईपर्यंत गरम केलात तर जिवाणू मरतील, विष तसंच राहील. म्हणून ‘सकाळी चांगला गरम करून घेते’ हा रात्री झालेल्या चुकीवरचा उपाय नाही.

६० अंशांच्या वर हे जिवाणू वाढू शकत नाहीत. ५०-५५च्या आसपासच त्यांचा जोर संपतो, वरचे पाच-सात अंश आपण खबरदारी म्हणून धरतो. बहुतेक कुकर ‘वॉर्म’वर ६० ते ७५च्या दरम्यान भात ठेवतील अशा बेताने बनवलेले असतात. पण तो बेत भांडं बऱ्यापैकी भरलेलं आणि झाकण नीट बसलेलं आहे असं धरून केलेला असतो.

माझ्याच घरचं सांगते. एकाच कुकरमध्ये दोन वेगवेगळ्या रात्री भात ठेवला आणि दोन्ही सकाळी सातला मोजला. पहिल्या रात्री भांडं पाऊण भरलेलं होतं. मध्यभागी ७२, कडेला ६८ आणि वरच्या थरात ६४ अंश भरले. दुसऱ्या रात्री एकच वाटी तांदूळ लावला होता आणि वाढायचा डाव आतच राहिला होता. डावाच्या दांड्यामुळे झाकण एका बाजूने जेमतेम नखभर उचललेलं होतं. मध्यभागी ६३, पण त्या फटीजवळच्या कडेला वरचा भात ५१! दिवा दोन्ही रात्री सारखाच लागलेला होता आणि झाकण उघडल्यावर वाफही दोन्ही वेळा आली. हाताला ५१ अंशही चांगलंच गरम लागतं, त्यामुळे बोट लावून हा फरक कळला नसता. तो दुसऱ्या रात्रीचा भात मी टाकून दिला.

असं का होतं? साध्या कुकरमध्ये उष्णता मुख्यतः तळाकडून येते आणि झाकणाकडून निसटते. भात थोडा असला की तो पातळ थरात पसरतो. त्याच्यावर मोठी मोकळी जागा राहते आणि झाकणाला धरलेलं पाणी थेंबाथेंबाने कडेच्या भातावर पडत राहतं. त्यामुळे सगळ्यात थंड जागा बहुधा वरची कड असते. झाकणाचं रबर सैल झालं असेल तर हे आणखी वाढतं.

तुमच्या कुकरचं उत्तर तुम्हालाच मोजून मिळेल, आणि ते काम एका रात्रीचं आहे. स्वयंपाकात वापरायचा सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. लांबून रोखायचा बंदुकीसारखा असतो तो इथे नको, तो फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो. आधी बर्फ घातलेल्या पाण्यात सुई ढवळून बघा, शून्याच्या जवळ आकडा आला पाहिजे. मग नेहमी लावता तेवढाच भात लावा, नेहमीसारखाच रात्रभर ठेवा. सकाळी झाकण उघडल्या उघडल्या आधी वरच्या कडेला बोटाच्या एका पेराएवढी सुई घाला, आकडा स्थिर होऊ द्या, मग मध्यभागी बघा. कडेचा आकडा ६०च्या खाली आला, तर त्या कुकरमध्ये तेवढा भात रात्रभर ठेवू नका. ६० किंवा ६१ आला तरी मी ती सवय सोडेन, कारण थंडीच्या रात्री तो आणखी खाली जाईल.

दिवे जाण्याचाही विचार करा. मध्यरात्री तीन तास वीज गेली आणि पहाटे आली, तर पुष्कळ साधे कुकर आपोआप परत ‘वॉर्म’वर येतात. सकाळी दिवाही लागलेला, भातही गरम! मधल्या वेळात तो किती निवला होता हे त्यावरून समजत नाही. काही थर्मामीटर सगळ्यात कमी गेलेलं तापमान लक्षात ठेवतात. वीज वरचेवर जात असेल तर तसलाच घ्यावा. आम्ही कामावर वापरतो तो हिशोब असा : भात ६०च्या खाली एकूण दोन तासांहून कमी वेळ होता तर चालेल, दोन ते चार तास असेल तर लगेच खाऊन संपवायचा, चार तासांच्या वर गेला की टाकायचा. किती वेळ गेला हे माहीतच नसेल तर मी तो चार तासांच्या वरचाच धरते.

फ्रिजमधला गार भात ‘वॉर्म’वर ठेवून गरम करू नका. ती उष्णता टिकवण्यापुरती असते. गार भाताला त्यात ६०पर्यंत पोचायला तास न् तास लागतात आणि तेवढा वेळ तो नेमका जिवाणूंच्या सोयीच्या तापमानात बसून राहतो.

आणि मी जे सांगतेय ते साध्या भाताबद्दल. मांस, अंडी, कडधान्यं किंवा दूध घातलेला भात मी रात्रभर ‘वॉर्म’वर ठेवत नाही, बहुतेक कुकरच्या माहितीपत्रकातही तो ठेवू नये असं लिहिलेलं असतं. साध्या भातालाही त्यात बहुधा बारा तासांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. ती बरीचशी चवीसाठी आहे, कारण त्यानंतर भात पिवळट आणि कोरडा पडतो. तुमचे दहा तास त्यात बसतात.

मोजल्यावर कड थंड निघाली, तर रात्री जेवण झाल्यावर उरलेला भात पसरट डब्यात दोन-तीन बोटं जाडीचा पसरा, वाफ ओसरली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी पाण्याचा हबका मारून मध्यापर्यंत वाफ येईल असा गरम करा. किंवा कुकरला टायमर असेल तर तांदूळ पहाटे शिजेल असं लावून ठेवा.