गोळी निष्फळ ठरली, असे म्हणण्यापूर्वी

आपण कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झाला आहात, म्हणून सुरुवातीलाच सांगते: लोहाच्या गोळ्या घेऊनही गर्भवतीचे हिमोग्लोबिन वाढले नाही म्हणून लगेच शिरेतून लोह देण्याकडे वळू नका.

गुहागरजवळच्या एका गर्भवतीचे हिमोग्लोबिन विसाव्या आठवड्यात ८.२ होते. रोज दोन गोळ्या घेऊन महिन्याभरात ते किमान १ ग्रॅमने वाढायला हवे होते, पण ८.४ वरच थांबले. शांतपणे विचारल्यावर कळले, की ती लोहाच्या गोळ्या कॅल्शियमच्या गोळीसोबत आणि चहाबरोबर घेत होती. हे दोन्ही लोहाचे शोषण अडवतात. लोहाची गोळी या दोन्हींपासून दोन तासांच्या अंतराने घेतल्यावर पुढच्या महिन्यात आकडा ९.६ झाला. मळमळीमुळे किंवा काळ्या शौचाच्या भीतीने गोळ्या डब्यातच राहतात, हेही मी वारंवार पाहिले आहे, म्हणून उरलेल्या गोळ्या मोजाव्यात.

नीट घेऊनही १ ग्रॅम वाढ नसेल, तर रक्तस्राव, जंत आणि थॅलेसेमियाचे वाहकत्व तपासा, कारण केवळ वाहकत्व असेल तर लोह वाढवून उपयोग नसतो. लोहाची कमतरता पक्की असून गोळी सोसत नसेल किंवा प्रसूती जवळ आली असेल, तर पहिली तिमाही उलटल्यावर शिरेतून लोह द्यावे. मात्र तीव्र ॲलर्जीवरील औषधे हाताशी ठेवून, आणि नंतर अर्धा तास रुग्णाजवळ थांबूनच. रक्त तयार व्हायला तेव्हाही काही आठवडे लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी केलेली तपासणी काहीच सांगत नाही.