जिरामध्ये कोणाला कधी टॅग करायचं?

तिकिटावर प्रश्न विचारलास आणि उत्तर आलं नाही, तर आधी नाव कसं लिहिलंस ते बघ. नुसतं नाव टाइप केलं तर कोणालाही मेन्शन जात नाही. `@` टाइप करून यादीतून माणूस निवडावा लागतो.

समज, पेमेंटच्या बगचं काम एका डेव्हलपरकडे आहे, पण तुला डेटाबेसवाल्या ताईंकडून एक उत्तर हवंय. अशा वेळी असाइनी बदलू नकोस. ती जागा एकाच माणसाची असते. बदललंस की बग मूळ डेव्हलपरच्या यादीतून गायब होतो आणि ताईंना वाटतं, दुरुस्ती आपणच करायची. त्यापेक्षा ताईंना मेन्शन कर आणि त्याच ओळीत नेमका प्रश्न लिही: "रिफंडची नोंद दोनदा का दिसते?" असाइनी आणि तिकिटावर लक्ष ठेवणारे वॉचर यांना साधारणपणे प्रत्येक कॉमेंटची सूचना जातेच, त्यांना उगाच टॅग करू नकोस.

मॅनेजरना फक्त प्रगती कळायला हवी असेल तर वॉचर करून ठेव. आणि हो, कॉमेंट केली की बहुधा तूही आपोआप वॉचर होतोस. मेल फार यायला लागले तर तिकिटावरच्या डोळ्याच्या चिन्हावरून बाहेर पड.