फिटनेस बँडच्या हिरव्या पिना : खरवडू नका, आधी व्हिनेगर लावा

«बँड चार्जरला लावला का बॅटरीचं चिन्ह एक सेकंद दिसते अन् जाते. मागच्या पिनांवर हिरवं काहीतरी जमलं आहे. ब्लेडनं खरवडू का?»

ब्लेड बिलकुल नको भाऊ. पिनेवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असते, तो गेला का खालचं तांबं उघडं पडते, अन् हिरवं जे दिसते ना ते तांब्यावरच घामातल्या मिठानं धरते, म्हणजे खरवडून तुम्ही पुढच्या वेळेसाठी जागाच करून देता.

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करून राहिला, सकाळी धावून आला का घामानं ओला बँड तसाच चार्जिंगला. मी पाहिलं तर दोन पिनांपैकी एकच हिरवीगार, दुसरी जवळपास स्वच्छ. ती प्लसची पिन. खारट ओल असताना करंट सुरू झाला का प्लसच्या पिनेचा धातू विरघळत जाते, नुसत्या घामापेक्षा कितीतरी लवकर. तुमच्याकडे एकच पिन जास्त हिरवी असेल तर कारण हेच समजा.

आम्ही केलं ते असं. चार्जर प्लगमधून काढला, बँड बंद केला. कान साफ करायची कापसाची काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून पिळून घेतली, थेंब गळायला नको, अन् पिनेवर एक मिनिट दाबून धरली, मग हलक्या हातानं गोल फिरवली. काडीचं टोक निळसर हिरवं झालं, अशा तीन काड्या लागल्या. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालते. नुसतं स्पिरिट लावून हे जात नाही, त्यानं तेलकटपणा निघते, हिरवं विरघळायला आंबटच लागते. पण आंबट तिथं राहू देऊ नका, साध्या पाण्याच्या ओल्या काडीनं दोनदा पुसा, मग मोबाईल रिपेअरवाल्याकडचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावा, अन् अर्धा तास पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी खराब होईन.

एवढं करूनही त्याचा बँड चार्ज होईना, कारण चार्जरची पिन आत अडकली होती. त्या पिनांखाली बारीक स्प्रिंग असते, मीठ साचलं का पिन वर येत नाही. टूथपिकनं दाबून पाहा, सुटली का टचकन वर आली पाहिजे. तिचं टोकही तसंच पुसा. मग लावला तर चिन्ह टिकलं.

साफ केल्यावर पिन पिवळी चमकली तर ठीक. लालसर तांबं किंवा खड्डा दिसला तर मुलामा गेला, तिथं हिरवं लवकरच परत येईन, मग आठवड्यातून एकदा पुसत राहा. पिना स्वच्छ आहेत, चार्जरच्या टोकांवर मीटरनं 5 व्होल्टच्या आसपास येऊन राहिले, तरी चार्ज नाही, तर बिघाड आत आहे, बाहेरून घासत बसू नका.

भाचा आता बँड काढला का साध्या पाण्यानं धुते, बनियनीनं पुसते, अन् आंघोळ-चहा झाल्यावरच चार्जिंगला लावते.